दुष्काळातला तेरावा महिना इंग्रजीत नेताना

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे संस्थेचा इतिहास लिहावा, अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. परंतु तो अधिकार आमच्याहून ज्येष्ठ असलेल्या संस्थापक मंडळींचा आहे. आम्ही येथे एका लहान कामाविषयी लिहीत आहोत. ते काम नववीच्या वर्गाने केले, आणि त्यातील अवघ्या तीन शब्दांनी आम्हां सर्वांना जवळजवळ पंधरा दिवस अडवून धरले. ते तीन शब्द म्हणजे ‘दुष्काळात तेरावा महिना’.

२०२३ साली पावसाने मोठी ओढ दिली. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशभरात १९०१ सालापासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यातून आलेली आमच्या वसतिगृहातील मुले घरी दूरध्वनी करीत, तेव्हा पलीकडून येणारी पहिली बातमी पाण्याचीच असे. घरोघरीचे वडीलधारे १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढू लागले होते. आम्ही मुलांना सांगितले, की दिवाळीच्या सुट्टीत आपल्या आजी-आजोबांकडून १९७२ च्या आठवणी ऐका, त्या त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या, आणि नंतर आपण त्या इंग्रजीतही नेऊ. इंग्रजीत नेण्याचे कारण साधे होते. आपले अनेक माजी विद्यार्थी आज परप्रांतांत आणि परदेशांत आहेत. त्यांच्या मुलाबाळांना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. आपल्या पणजीने खडी फोडून दिवस काढले, हे त्यांना कळावयाचे तर ते त्यांच्या वाचनाच्या भाषेतच कळावे लागेल.

मुले वह्या भरून घेऊन आली. त्यांतील एका आजीची साक्ष आम्ही येथे त्यांच्या नावाविना देत आहोत. त्या सांगत होत्या, ‘पाझर तलावाच्या कामावर जात होतो. मी खडी फोडायची, मालक माती टाकायचे. आठवड्याचा पगार हाती आला की रेशनची मिलो आणायची. लाल मिलो. भाकरी नीट थापली जात नव्हती तिची. पण पोट भरत होतं. त्यात मालक पडले, पाय मोडला. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.’

जुन्या वाचकांना ‘मालक’ म्हणजे पती आणि ‘मिलो’ म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, हे सांगावे लागणार नाही. हे दोन्ही शब्द आम्ही इंग्रजीत फारशी अडचण न येता नेले. ‘मालक’ऐवजी ‘माय हजबंड’ लिहिले; मिलोला मिलोच ठेवले आणि त्याच वाक्यात तिचा रंग व ती कोठून आली ते सांगितले. पाझर तलावाचेही जमले. अडले ते शेवटच्या वाक्यापाशी.

आजींच्या नातवाने प्रथम शब्दाला शब्द ठेवून लिहिले: ‘थर्टीन्थ मंथ इन अ फॅमिन.’ व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. त्या दिवसांत आपल्या शाळेत दुसऱ्या राज्यातील एक शिक्षिका काही आठवडे शिकविण्यास आल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हते. त्यांनी तो उतारा वाचला आणि त्या म्हणाल्या, ‘तेरा हा आकडा अशुभ मानतात म्हणून आजी असे म्हणाल्या का? की दुष्काळ तेरा महिने चालला होता?’ त्यांचे दोन्ही तर्क इंग्रजी वाचकाला शोभणारेच होते. इंग्रजी वाचनाच्या सवयीने तेरा हा आकडा दिसला की अपशकुन आठवतो. आपल्या म्हणीतील तेरा मात्र अपशकुनी नाही. तो केवळ बारा अधिक एक आहे. शब्द जसाच्या तसा ठेवल्यामुळे मूळ अर्थ पोहोचला नाहीच, शिवाय मुळात नसलेला अर्थ येऊन चिकटला.

तेव्हा प्रथम या म्हणीचा मूळ हिशेब मुलांपुढे मांडणे आम्हांस भाग पडले. चांद्र वर्षाचे दिवस सुमारे ३५४ आणि सौर वर्षाचे सुमारे ३६५. दरवर्षी सुमारे अकरा दिवसांचा फरक पडतो. तो साचत जातो आणि साधारणपणे ३२-३३ महिन्यांनी एक संपूर्ण महिना भरेल एवढा होतो. महिने ऋतूंपासून दूर सरकू नयेत म्हणून पंचांगात तेव्हा एक जादा महिना धरतात. हाच अधिक मास, आणि हाच आपल्या म्हणीतील तेरावा महिना. योगायोग असा, की २०२३ सालीही अधिक श्रावण होता. तो १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा होता. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत म्हणीतील दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडत होत्या.

पण जादा महिना आला तर दुष्काळात अधिक वाईट काय होते? पाऊस पंचांग पाहून येत नाही आणि अधिक मासामुळे तो लांबतही नाही. मुलांनी हाच प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर वर्षाच्या हिशेबाने जगणाऱ्यांच्या बाजूने पाहिले म्हणजे सापडते. सालगड्याचे साल बहुधा गुढीपाडव्याला सुरू होऊन पुढच्या गुढीपाडव्याला संपते. साल ठरताना धान्य आणि पैसा वर्षाच्या बोलीने ठरतो. २०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता आणि २०२४ चा ९ एप्रिलला. मुलांना आम्ही मधले दिवस मोजावयास लावले. ते ३८४ भरले. एरवीच्या वर्षात सुमारे ३५४. वेगळी बोली झालेली नसेल तर त्याच ठरलेल्या धान्यावर सालगड्याच्या घराला तीस दिवस जादा काढावयाचे. त्याखेरीज गावगाड्यात अधिक मासाच्या निमित्ताने जावयाला वाण देण्याची, धोंडे जेवण घालण्याची चाल आहे. तो खर्च निराळाच. मोजून ठेवलेली कणगी आणि वाढलेले वर्ष यांची गाठ पडली म्हणजे काय होते, ते ज्याच्या घरी कणगीच लहान त्यालाच नेमके ठाऊक. म्हण नेमकी कोणाच्या तोंडून प्रथम निघाली हे सांगता येणार नाही. पण तिच्यातील हिशेब अशा घराला चांगला परिचित होता, एवढे निश्चित.

हे समजल्यावर मुलांचा उत्साह वाढला. आता शब्द सोडावयाचे आणि अर्थ न्यावयाचा, असे ठरले. त्यांनी इंग्रजीतील तयार म्हणी आणि वाक्प्रचार शोधण्यास आरंभ केला. दोन दिवसांत फळ्यावर पाच पर्याय जमले. पहिला, ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स.’ दुसरा, ‘अ‍ॅडिंग इन्सल्ट टू इंज्युरी.’ तिसरा, ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर.’ चौथा, ‘द लास्ट स्ट्रॉ.’ आणि पाचवा अगदी साधा, ‘टू मेक मॅटर्स वर्स.’ मुलांच्या मार्गदर्शक पुस्तकांत आपल्या म्हणीसमोर यांपैकी एक ना एक छापलेला असतो. म्हणून मुलांना वाटले, की काम झाले. आता पाचांतून एक निवडावयाचा.

निवड कशी करावी, याची एक जुनी रीत आहे, आणि ती शाळेच्या वर्गात सहज करून पाहता येते. एकाने म्हण इंग्रजीत न्यावी. दुसऱ्याने मूळ मराठी न पाहता केवळ ते इंग्रजी वाचावे आणि त्याला कोणती मराठी म्हण आठवते ते सांगावे. आम्ही हे पाचही पर्याय दहावीच्या वर्गाकडे पाठविले. त्यांना आमच्या कामाची माहिती नव्हती. उत्तरे आली ती पाहून नववीचा वर्ग प्रथम हसला आणि मग विचारात पडला.

पाऊस कोसळण्याच्या म्हणीला दहावीने ‘संकटे एकटी येत नाहीत’ असे उत्तर दिले. ‘इन्सल्ट’ आणि ‘इंज्युरी’ला ‘जखमेवर मीठ चोळणे’. तव्यातून आगीत पडण्याला ‘आगीतून फुफाट्यात’. शेवटच्या काडीला ‘उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी’. आणि ‘टू मेक मॅटर्स वर्स’ला कोणी म्हणच सांगितली नाही, मुलांनी ‘त्यातच भर म्हणजे’ असे लिहिले. पाच पर्यायांतून एकही फिरून ‘दुष्काळात तेरावा महिना’कडे आला नाही.

प्रत्येक उत्तर का वेगळे आले, हे एकेक करून पाहण्यात आमचे तीन तास गेले आणि ते सत्कारणी लागले. मीठ चोळण्यासाठी कोणीतरी चोळणारा लागतो. त्या वाक्प्रचारात अपमान करणारा एक माणूस उभा आहे. आजींच्या साक्षीत असा कोणी नाही. मालक पडले, त्यांना कोणी पाडले नाही. आगीतून फुफाट्यात जाणाऱ्याने सुटण्याची धडपड केलेली असते आणि सुटताना तो दुसऱ्या संकटात सापडतो. आजी कोठूनही सुटू पाहत नव्हत्या. त्या तेथेच तग धरून होत्या. शेवटच्या काडीने उंट बसतो. ती म्हण मोडून पडण्याची आहे. आजी मोडून पडल्या नाहीत, म्हणूनच तर त्यांचा नातू आज आपल्या वर्गात बसून त्यांची साक्ष लिहितो आहे. संकटे एकटी येत नाहीत, हे जगाच्या रीतीविषयीचे सर्वसाधारण विधान आहे. संकट कोणतेही असो, ते जोडीने येते, एवढेच त्यात सांगितले जाते. आपल्या म्हणीत संकटांची गर्दी नाही. संकट एकच आहे, ते आधीपासून चालू आहे, आणि त्याची लांबी वाढते आहे.

पावसाच्या म्हणीचा आणखी एक दोष एका मुलीने दाखविला. ती म्हणाली, ‘गुरुजी, आजी पावसाची वाट पाहत होत्या. त्यांच्या तोंडी “पाऊस कोसळला” हे दुःखाचे वाक्य कसे घालायचे?’ अर्थ न्यावा, शब्द नेऊ नयेत, हे खरे. तरीही आणलेल्या म्हणीचे चित्र भोवतालच्या प्रसंगाशी भांडता कामा नये. जेथे प्रत्येक जण आभाळाकडे डोळे लावून आहे, तेथे मुसळधार पाऊस हे संकटाचे चित्र होऊ शकत नाही. अर्थ शंभर टक्के जुळला असता तरीही ती म्हण येथे चालली नसती.

राहता राहिला ‘टू मेक मॅटर्स वर्स.’ तो चुकीचा नव्हता. तो कोठेही चालला असता, आणि नेमके तेच त्याचे उणेपण होते. याची प्रचीती आम्हांस त्याच आठवड्यात आली. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी वसतिगृहाची पाण्याची मोटार जळाली आणि बोलाविलेला टँकरही आला नाही. तेव्हा आमचे अधीक्षक कपाळावर हात मारून म्हणाले, ‘दुष्काळात तेरावा महिना!’ मुलांनी एकमेकांकडे पाहिले. हे वाक्य इंग्रजीत न्यावयाचे असते तर ‘टू टॉप इट ऑल’ पुरेसे होते. संध्याकाळपर्यंत टँकर आला आणि अधीक्षक ते विसरूनही गेले. म्हण तीच, शब्द तेच, मात्र बोलणारा आणि प्रसंग वेगळा. म्हणून भाषांतरही वेगळे. एका म्हणीसमोर कायमचे एक इंग्रजी उत्तर छापणाऱ्या पुस्तकांची अडचण हीच आहे. १८९९ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने रेव्हरंड ए. मॅन्वेअरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह प्रसिद्ध केला. अशा संग्रहात म्हण एकटी उभी असते. तिचे शब्दशः भाषांतर द्यावे, जरूर तेथे अर्थ द्यावा, की संग्राहकाचे काम झाले. साक्षीत म्हण एकटी नसते. ती कोणाच्या तरी तोंडात असते, आणि त्या माणसाने तिच्यात काय घातले आहे ते विचारल्यावाचून कळत नाही.

म्हणून आम्ही विचारावयाचे ठरविले. पुढच्या पालकभेटीच्या रविवारी त्या आजी नातवाला भेटण्यास आल्या. विहाराच्या पायरीवर त्या बसल्या आणि मुले त्यांच्याभोवती बसली. आम्ही विचारले, ‘आजी, मालक पडले तेव्हा तुम्ही “दुष्काळात तेरावा महिना” म्हणालात. तेव्हा तुमच्या मनात काय होतं?’ त्यांनी आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. मग म्हणाल्या, ‘गुरुजी, पाय मोडला त्याचं दुःख होतंच. पण माणूस वाचलं होतं. रडू आलं ते हिशेबाचं. दोघांची मजुरी धरून मिरगापर्यंत आम्ही निभावून नेत होतो. एक मजुरी गेली. खाणारी तोंडं तेवढीच राहिली. मिरीग जवळ दिसत होता, तो लांब गेला.’

येथे आम्हांस म्हणीचा गाभा मिळाला, आणि तो कोणत्याही कोशातून मिळाला नसता. मृगाचा दिवस कॅलेंडरवर जेथे होता तेथेच होता. आजींच्या कणगीच्या मापाने मात्र तो लांब गेला होता. मोजून मापून सोसलेले संकट मापाबाहेर वाढणे, हा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. सालगड्याच्या घरी वाढलेला महिना आणि आजींच्या घरी गेलेली मजुरी, दोहोंचे गणित एकच होते.

आता भाषांतराला धरावयाच्या आणि सोडावयाच्या गोष्टी स्पष्ट झाल्या. दुष्काळ धरावयाचा, कारण तो आजींच्या प्रसंगात खरोखर होता. महिना धरावयाचा, कारण लांबी वाढल्याचे चित्र त्यानेच उभे राहते. तेरा हा आकडा सोडावयाचा, कारण इंग्रजीत तो दुसऱ्याच वाटेने नेतो. त्याऐवजी ‘आणखी एक’ एवढे सांगावयाचे. अधिक मासही सोडावयाचा. त्याची माहिती देऊ लागलो तर आजींचे वाक्य थांबते आणि आमचे व्याख्यान सुरू होते. आणखी एक गोष्ट होती. मूळ म्हणीत क्रियापद नाही. ती उसासा टाकावा तशी टाकून दिलेली आहे. इंग्रजीतही तिने वाक्यासारखे ताठ उभे राहू नये.

मुलांनी प्रथम लिहिले: ‘इट वॉज लाइक अ फॅमिन इयर ग्रोइंग वन मंथ लाँगर.’ अर्थ आला होता, पण वाक्य लांबले होते आणि त्यात उपमा समजावून देणारा ‘लाइक’ शिरला होता. आजी कशाची उपमा देत नव्हत्या. दोन दिवसांनी त्याच नातवाने वही पुढे केली. तीत लिहिले होते: ‘अ फॅमिन इयर, अँड वन मंथ मोअर. व्हॉट एल्स.’ सात शब्द, एक विराम, क्रियापद नाही. आजींचे ‘दुसरं काय’ही जागच्या जागी राहिले होते.

हे वाक्य पुन्हा दहावीकडे गेले. बहुतेकांनी ‘दुष्काळात तेरावा महिना’ असे उत्तर दिले. तथापि एवढ्यावर आनंद मानणे योग्य नव्हते, आणि ते मुलांना समजावून देणे आम्हांस आवश्यक वाटले. इंग्रजीतून मराठीकडे फिरून येण्याच्या या चाचणीत एक फट आहे. दहावीची मुले मराठी आहेत. ‘फॅमिन’ आणि ‘मंथ’ हे शब्द दिसताच त्यांना म्हण आठवणारच. नातवाचे पहिले शब्दशः वाक्य त्यांच्याकडे पाठविले असते तर तेही शंभर टक्के उत्तीर्ण झाले असते, आणि तरीही मराठी न जाणणाऱ्याला ते कळत नव्हते. म्हणून चाचण्या दोन लागतात. अर्थ दुसऱ्या म्हणीकडे घसरला नाही ना, हे मराठी जाणणारा सांगतो. अर्थ पोहोचला की नाही, हे मराठी न जाणणाराच सांगू शकतो. आम्ही पूर्ण उतारा त्या पाहुण्या शिक्षिकांना पुन्हा वाचावयास दिला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, ‘कसेबसे पुरत होते, ते आता पुरणार नाही, असे त्या सांगत आहेत.’ तेराविषयी त्यांनी काही विचारले नाही. आमचे काम तेथे झाले.

यात काही हरवले का? होय. वर्षाला खरोखरच एक महिना वाढतो, आणि तो पंचांगात लिहिलेला असतो, हे इंग्रजी वाचकाला या वाक्यातून कळत नाही. तो त्यास आजींची कल्पना समजेल. मराठी ऐकणाऱ्याला ही कल्पना वाटत नाही. त्याने तो महिना पाहिलेला असतो. हा तोटा आम्ही जाणून सोसला. साक्षीच्या आरंभी प्रस्तावनेत अधिक मासाविषयी दोन वाक्ये घातली आणि आजींच्या बोलण्यात हात घातला नाही.

आता एक सावधगिरी सांगून हे लेखन पुरे करतो. शब्द सोडून अर्थ न्यावा, ही रीत सर्वत्र चालत नाही, आणि आपल्या समाजातील वाचकांना हे सांगणे इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आम्ही आपले कर्तव्य समजतो. ‘गाव तिथे म्हारवडा’ अशी एक म्हण मराठीत आहे. ती लिहिताना आमचा हात जड होतो. पण ती आहे, आणि ती जुन्या कागदांत भेटते. चांगल्यात काही वाईट असावयाचेच, अशा अर्थाने ती वापरीत. अर्थ नेण्याच्या रीतीप्रमाणे तिच्यासाठी इंग्रजीत तयार उत्तर आहे: ‘देअर इज अ ब्लॅक शीप इन एव्हरी फ्लॉक.’ अर्थ जुळतो. फिरून येण्याच्या चाचणीतही ते बहुधा टिकेल. मात्र या भाषांतराने एक मोठी गोष्ट पुसली जाते. गावाबाहेर राखलेल्या वस्तीलाच गावाचा डाग म्हणण्याची भाषेची सवय त्यातून नाहीशी होते आणि तिच्या जागी एक निरुपद्रवी मेंढरू येऊन उभे राहते. उद्या कोणी संशोधक ते इंग्रजी वाचेल, तर अपमान कोणाचा होत होता आणि कोण करीत होता, हे त्याला कळणार नाही.

तेथे शब्दच राखावे लागतात: ‘व्हेअर देअर इज अ व्हिलेज, देअर इज अ महारवाडा.’ आणि त्यापुढच्या वाक्यात, ही म्हण कोण कोणाविषयी कशा अर्थाने वापरी, ते स्पष्ट सांगावे लागते. वाक्य खडबडीत होते. ते खडबडीत असणेच योग्य आहे. आजींच्या म्हणीत त्यांचे म्हणणे अर्थात होते आणि शब्द त्याच्या आड येत होते. म्हणून शब्द सोडले. या म्हणीत शब्द हाच पुरावा आहे. तो गुळगुळीत केला तर पुरावा नष्ट होतो. त्यामुळे म्हण हाती आली, की आम्ही मुलांना प्रथम एवढेच विचारतो: ही म्हण बोलणाऱ्याची साक्ष म्हणून आली आहे, की ती स्वतःच एखाद्या अन्यायाची साक्ष आहे? पहिल्या प्रकारात तिचा अर्थ न्या. दुसऱ्या प्रकारात तिचे शब्द न्या आणि त्यांचा अर्थ शेजारी उभा करा.

नववीच्या त्या वर्गाने मिळून एकतीस आठवणी इंग्रजीत नेल्या. त्या वहीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी १९७२ पाहिलेली माणसे अद्याप आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि एखादी म्हण आली तर तेथेच थांबून विचारावे, ‘तुमच्या मनात तेव्हा काय होतं?’ कोश नंतरही उघडता येतो. हा प्रश्न ज्यांना विचारावयाचा, त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे.